पंक्चर काढलं, तरी दुसऱ्या दिवशी हवा गेली? काटा टायरमध्येच आहे | सायकलचं पंक्चर घरी काढा

[अंगण. लिंबाच्या सावलीत सायकल उलटी, सीट आणि हँडलवर उभी केलेली. मी शेजारी बसलेली, हातात ट्यूब.]

ही ट्यूब बघा. हे काळं ठिगळ सोमवारी लावलं होतं आणि ते अजून घट्ट आहे, नखानं उचललं तरी निघत नाही. पण त्याच्या कडेला, अगदी ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरावर, हे नवं भोक आहे. हे मंगळवारचं.

[ट्यूब कॅमेऱ्याजवळ. बोट आधी ठिगळावर, मग भोकावर.]

सायकल माझ्या मावसभावाची. तो नववीत आहे, जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून शाळा सहा किलोमीटर. मंगळवारी शाळेतून सायकल ढकलत आला आणि म्हणाला, "ताई, हवा पुन्हा जायलीय. सोल्युशनच बोगस आहे." सोल्युशन चांगलं होतं. सोमवारी ट्यूबचं भोक बुजवलं, पण ते कशानं पडलं हे कुणी बघितलंच नाही. काट्याचं टोक टायरमध्ये तसंच राहिलं होतं, त्यानं दुसऱ्या दिवशी शेजारी पुन्हा टोचलं. माझ्या बाबांचं सायकलचं दुकान होतं. एकाच आठवड्यात त्याच चाकासाठी परत आलेल्या गिऱ्हाईकाच्या टायरमध्ये बाबा आधी हात घालायचे, ट्यूब नंतर बघायचे. आज तेच शिकूया.

[सामान ओट्यावर मांडलेलं. एकेक वस्तू उचलून दाखवायची.]

आधी सामान गोळा करा. टायर काढायला दोन लिव्हर. प्लास्टिकचे मिळाले तर उत्तम, लोखंडी असतील तर कडा गुळगुळीत आहेत का ते बघा. लिव्हर नाहीत म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालू नका, तो ट्यूबला दुसरं भोक पाडतो. मग काचपेपरचा तुकडा, सोल्युशनची ट्यूब, तयार ठिगळं, हवेचा पंप, अर्धं घमेलं पाणी, बॉलपेन, खडू, जुनं सुती फडकं आणि काटा काढायला चिमटा किंवा पकड. शिवाय दुकानातून वीतभर वॉलट्यूब मागून आणा. ही वॉलवर चढवायची बारीक रबरी नळी असते. चाक सोडवायचं नाही, त्यामुळे पाना लागणार नाही. चाक जागेवर ठेवूनच पंक्चर निघतं.

[चाकाचा जवळून शॉट. वॉलवर पाण्याचा थेंब.]

टायर उघडायच्या आधी हे करा. चाकात हवा भरा आणि वॉलच्या तोंडावर पाण्याचा एक थेंब सोडा. बुडबुडे आले तर बहुतेक वेळा पंक्चर नसतंच. साध्या सायकलच्या वॉलमध्ये ती रबरी नळी असते, उन्हानं ती कडक होते आणि चिरते. वरचं नट सोडा, वॉल उपसा, जुनी नळी काढून नवी चढवा. गियरच्या बऱ्याच सायकलींना मोटारसायकलसारखा वॉल असतो, त्यात ही नळी नसते. बुडबुडे आले नाहीत तर पुढे चला.

[चाक हळू फिरवायचं. कॅमेरा टायरच्या पृष्ठभागावर.]

आता चाक हळूहळू फिरवत टायर बाहेरून बघा. आपल्याकडे दोन काटे जास्त त्रास देतात. एक सराटा, त्यालाच गोखरू म्हणतात. पाऊस उघडला की रस्त्याच्या कडेला त्याचे वेल वाळतात आणि फळांचे काटे खिळ्यासारखे टणक होतात. दुसरा बाभळीचा. शेताच्या कुंपणाला काट्या ओढून नेतात, त्यातल्या चार वाटेत गळतात. सराटा बहुतेक वेळा टायरवर चिकटलेला दिसतो. बाभळीचा काटा मात्र आत शिरून मोडतो आणि बाहेरून फक्त बारीक ठिपका राहतो. मावसभावाच्या चाकात हेच झालं होतं. काही सापडलं तर लगेच उपटू नका, शेजारी खडूची खूण करा.

[पहिली पायरी: टायर उघडणं.]

वॉल काढून सगळी हवा सोडा. मोटारसायकलसारखा वॉल असेल तर मधली पिन दाबून धरा. रिमवरचं नट सोडा. आता एक खूण अशी करा की ती नंतर कामाला येईल: वॉलजवळ टायरवर खडूनं रेघ मारा. मग दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत सगळं चाक फिरून या. त्या खोलगट भागात टायर गेला की कड सैल पडते. जोर लावायची गरज या दाबण्यानंच निम्मी होते. वॉलपासून थोडं बाजूला एक लिव्हर घालून कड बाहेर घ्या, तीन-चार बोटं सोडून दुसरा घाला. पुढची कड हातानंच निघत जाते. फक्त एकच बाजू काढायची.

[लिव्हर आत जाताना अगदी जवळून. टोकाखाली ट्यूब नाही हे दाखवायचं.]

ट्यूब ओढून काढताना वॉलजवळ चेनच्या बाजूला खडूनं फुली करा. नंतर ट्यूब उलटली तरी कोणती बाजू कुठली होती ते कळेल.

[दुसरी पायरी: भोक शोधणं.]

ट्यूबमध्ये हवा भरा, नेहमीपेक्षा थोडी फुगेल इतकी. आधी गालाजवळून फिरवा. बारीक हवासुद्धा गालाला लागते. नाही कळलं तर घमेल्यात थोडी थोडी बुडवत फिरवा. बुडबुडे दिसले की ट्यूब पुसा आणि भोकावर बॉलपेननं मोठी फुली काढा. फुलीचे हात ठिगळाच्या बाहेर जातील एवढे लांब असू द्या, कारण घासताना मधली शाई जाते. एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, उरलेली ट्यूबही पाण्यातून काढा.

आता भोक कुठं आहे ते नीट बघा. बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा, काच, खिळा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर काटा शोधत बसू नका, हवा कमी असताना चाक दगडावर आपटलं आणि ट्यूब रिममध्ये चेमटली. आणि भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलेली असते किंवा स्पोकचं टोक वर आलेलं असतं. पट्टी सरळ केल्याशिवाय किंवा टोक कानशीनं घासल्याशिवाय ठिगळ लावून उपयोग नाही.

[तिसरी पायरी: काटा शोधणं. हा भाग सावकाश.]

मावसभावाची दोन्ही भोकं रस्त्याकडच्या बाजूला, वॉलपासून सारख्याच अंतरावर, साधारण दीड वीत. ट्यूब प्रत्येक वेळी काढली-घातली, तरी भोक त्याच जागी. म्हणजे टोचणारी वस्तू टायरमध्ये बसलेली आहे. तुम्हीही असंच मोजा. ट्यूबमधली हवा सोडून तिला नेहमीच्या आकारात आणा, कारण फुगलेली ट्यूब लांब होते आणि अंतर चुकतं. मग ती टायरवर ठेवा, वॉल खडूच्या रेघेशी, फुली चेनकडे. भोकासमोर टायरची जी जागा येते, तिथंच शोधायचं. फुली करायची राहिली असेल तर वॉलच्या दोन्ही अंगांना तेवढंच अंतर मोजा.

[फडकं टायरच्या आत फिरवताना. मग टायर मुडपलेला, टोक दिसतंय.]

उघडं बोट आत फिरवू नका, काच असली तर कापेल. फडकं फिरवा, टोक असलं की धागा अडकतो. आम्ही फिरवलं तेव्हा काहीच अडकलं नाही. तेव्हा टायर त्या जागी बाहेरून आत मुडपला, तर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका वर आला. चाकावर वजन पडलं की टायर दबतो, तसंच ते टोक बाहेर यायचं. नुसत्या टायरमध्ये दिसत नव्हतं ते यामुळे. आतून सुईनं ढकललं आणि बाहेरून चिमट्यानं धरून ओढलं. निघालेला काटा नखाएवढाही नव्हता. निघाल्यावर पुन्हा मुडपून बघा, फडकं पुन्हा फिरवा आणि बाकीच्या टायरमध्येही एकदा फिरवून घ्या.

[चौथी पायरी: ठिगळ.]

ट्यूब कोरडी करा. भोकाभोवती काचपेपरनं घासा, ठिगळापेक्षा बोटभर जास्त जागा. चकाकी जाऊन रबर मळकट काळं दिसलं पाहिजे. ट्यूबवर उंच रेघ असते, ती ठिगळाखाली येत असेल तर पूर्ण सपाट करा, नाहीतर हवा त्या रेघेच्या कडेनं निसटते. भुकटी कोरड्या फडक्यानं झटका आणि त्या जागेला बोट लावू नका.

सोल्युशन पातळ आणि सारखं पसरा, ठिगळाच्या आकाराहून मोठं. आणि थांबा. ओल्यावरच ठिगळ दाबायचं ही चूक मी सगळ्यात जास्त बघितली आहे. सोल्युशनमधला पातळ भाग उडून गेला पाहिजे, तरच ते ट्यूब आणि ठिगळ धरून ठेवतं. सावलीत पाच मिनिटं लागतात, एप्रिल-मेमध्ये त्याहून कमी. कडेला बोट लावून बघा, चिकट लागावं पण तार येऊ नये. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ बसते. हे काम उघड्यावर करा, जवळ चूल किंवा उदबत्ती नको, सोल्युशन भडकन पेटतं.

[ठिगळाचा चंदेरी कागद काढताना जवळून.]

ठिगळाचा चंदेरी कागद काढा, चिकट बाजूला हात लावू नका. भोक बरोबर मधोमध येईल असं ठेवा आणि मधून कडेकडे दाबा. सपाट फरशीवर ठेवून लिव्हरच्या पाठीनं दोन मिनिटं घासा. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा ओढून काढायची घाई नको, त्याच्यासोबत कड उचलली जाते. राहू दिला तरी चालतो. बाहेर उरलेल्या सोल्युशनवर खडूची भुकटी लावा म्हणजे ट्यूब टायरला चिकटणार नाही. जोडलंय का बघायला ट्यूब बाहेरच भरमसाट फुगवू नका, नवी कड ताणून सुटते.

एक मर्यादा सांगते. भोक वॉलच्या बुडाशी असेल किंवा चीर नखापेक्षा लांब असेल तर ठिगळ टिकत नाही. ट्यूब बदला.

[पाचवी पायरी: परत बसवणं.]

ट्यूबमध्ये एवढीच हवा भरा की ती गोल दिसेल. आधी वॉल भोकात घाला, मग ट्यूब सगळीकडे टायरमध्ये सारा, कुठं पीळ नको. टायरची कड वॉलच्या समोरच्या बाजूनं बसवायला सुरुवात करा आणि शेवट वॉलपाशी करा. वॉलजवळ कड खोलगट भागात जाऊ शकत नाही, म्हणून तिथं शेवट केला की बाकी सगळीकडची सैल कड तिकडे ओढता येते. शेवटचं वीतभर अंगठ्यानं ढकला. लिव्हरनं चढवायला गेलात तर ट्यूब चेमटते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

[वॉल वर ढकलून खाली ओढताना.]

वॉल एकदा आत ढकला आणि परत ओढा, म्हणजे त्याच्याखाली ट्यूब दबलेली राहत नाही. टायर दोन्ही बाजूंनी उचलून बघत चाक फिरवा, कुठं ट्यूब डोकावते का. अर्धी हवा भरा आणि चाक फिरवा. टायरच्या कडेजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठं वर-खाली होत असेल तर हवा सोडून तिथं हातानं सारखं करा. मग रिमवरचं नट हातानं आवळा आणि टायरवर जेवढं पीएसआय छापलंय तेवढी हवा भरा. गावात दाब बघायचा काटा नसतो, तर टायर अंगठ्यानं जोरात दाबा, जेमतेम दबला पाहिजे. कॉम्प्रेसरवर भरत असाल तर एकदम बटण दाबून धरू नका, थोडं सोडा, दाबून बघा, परत सोडा. सायकलच्या ट्यूबला तो काही सेकंदांत फोडतो.

[रात्री. सायकल भिंतीला टेकवलेली.]

लगेच लांब जाऊ नका, रात्रभर ठेवा. सकाळी टायर दाबून बघा. मऊ लागला तर आधी वॉलवर पाण्याचा थेंब, मग टायर. कडक लागला तर दप्तर अडकवा आणि निघा. मावसभावाची सायकल बुधवारी सकाळी कडक होती, आणि पुढच्या सोमवारीही.