चांदी दुकानात, तोटा खात्यात

(दृश्य: मुशीतली वितळलेली चांदी साच्यात ओतली जाते आहे. जवळून.)

नागपूर. इतवारीचा सराफा. रस्त्यावरची दुकानं अजून निम्मी बंद आहेत, पण मागच्या बोळातल्या कारखान्यात भट्टी पेटून तास झाला आहे.

साच्यात पडते आहे ती चांदी पैंजणांची होणार. आधी तिची कांडी, मग भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून ओढलेली तार, तारेच्या कड्या, कड्यांना डाग, शेवटी घुंगरू आणि झिलई. कच्ची चांदी दुकानात आल्यापासून पैंजणाचा जोड गिऱ्हाइकाच्या पायात पडेपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई धरून बसलेला सराफ हा माल सप्टेंबरातच भरतो.

म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर भावाचा सगळा भार त्याच्या डोक्यावर. चांदी पडली, तर घडणावळीत मिळवायचं ते धातूतच जातं.

(दृश्य: गल्ल्यामागे बसलेले सराफ. समोर लाल वही. चेहरा चौकटीबाहेर.)

"मी तेजीवाला नाही जी, मंदीवालाही नाही. मला घडणावळ सुटली पाहिजे, बस."

नाव आणि चेहरा दाखवायचा नाही, या बोलीवर त्यांनी वही उघडली. आकडे तिच्यातलेच आहेत. हिशेब कानाला कळावा म्हणून आम्ही ते गोल केले आहेत आणि बाजाराचा व वायद्याचा भाव एकच धरला आहे.

60 किलो चांदी. किलोला 1,00,000 रुपये. माल 60 लाखांचा.

भाव पडण्याची धास्ती होती, म्हणून त्यांनी एमसीएक्स या एक्स्चेंजवर डिसेंबरचा वायदा विकला, म्हणजे डिसेंबरात द्यायच्या चांदीचा भाव आजच बांधून घेतला. चांदीच्या मोठ्या वायद्यात एक लॉट 30 किलोचा असतो. दोन लॉट विकले, की 60 किलो पुरे. आता चांदी पडली तर दुकानात तोटा आणि वायद्यात तेवढाच नफा. चढली तर उलट. दोन्ही बाजू एकमेकींना फेडतात.

याला सट्टा म्हणत नाहीत. हे ठासून सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं ते ऐकून सराफ्यातल्याच काही जणांनी "वायद्यात गेला तो असाच जाणार" म्हणून हात झटकले.

(दृश्य: मोबाईलवर ब्रोकरच्या ॲपचा फंड्सचा पडदा. बोट आकड्यांवरून फिरतं.)

वायदा विकायला 60 लाख लागत नाहीत. लागतं ते मार्जिन. एक्स्चेंज रोज हिशेब मांडतं, की हा सौदा वाईटात वाईट दिवशी किती गमावू शकेल, आणि तेवढी रक्कम आधी ठेवून घेतं. या हिशेबाच्या पद्धतीला स्पॅन म्हणतात. त्यावर आणखी थोडी भर असते. आपल्या उदाहरणात हे सगळं मिळून 10 टक्के. दोन लॉटला 6 लाख.

सराफांनी खात्यात 9 लाख ठेवले होते. 6 लाख अडकले, 3 लाख मोकळे. कुणालाही वाटेल, माणूस सावध आहे.

मार्जिन ही अनामत आहे. एमटीएमचं, म्हणजे रोजच्या नफ्या-तोट्याच्या रकमेचं, तसं नाही, ते खरोखर जातं. रोज बाजार बंद झाला की एक्स्चेंज त्या दिवसाचा बंद भाव ठरवतं. सौदा कालच्या भावापासून जेवढा हलला, तेवढे पैसे हरणाऱ्याच्या खात्यातून निघतात आणि जिंकणाऱ्याच्या खात्यात पडतात. दुसऱ्या दिवशी बाजार उघडण्याआधी ब्रोकरला ते एक्स्चेंजकडे भरावेच लागतात. सौदा डिसेंबरचा आहे, तेव्हा बघू, असं इथे चालत नाही. डिसेंबरचा तोटा सप्टेंबरात रोज रात्री वसूल होतो, आणि तोही रोखीत. गहाण ठेवलेले शेअर मार्जिनला चालतात, एमटीएमला नाहीत.

(दृश्य: वहीतल्या तीन ओळी, एकेक करून.)

सोमवारी चांदी किलोला 1,500 रुपये चढली. 60 किलोवर 90,000 रुपये गेले.

मंगळवारी 2,000. म्हणजे 1,20,000.

बुधवारी 800. म्हणजे 48,000.

तीन रात्रींत 2,58,000 रुपये. भाव पोचला 1,04,300 वर. खात्यात उरले 6,42,000.

याच तीन दिवसांत दुकानातली 60 किलो चांदीही 2,58,000 रुपयांनी वर गेली होती. एका पैशाचं नुकसान नाही. पण तो नफा कड्यांत आणि घुंगरांत अडकलेला, आणि ब्रोकर घुंगरू घेत नाही.

(दृश्य: कारागीर पैंजणाला डाग देतो. निळी ज्योत.)

मार्जिनही जागेवर उभं राहिलं नव्हतं. भाव चढला तसे 10 टक्के 6,25,800 झाले. खात्यातल्या 6,42,000 मधून ते वजा केले, की मोकळे राहतात 16,200 रुपये.

बुधवारी संध्याकाळी एक्स्चेंजचं परिपत्रक आलं. भाव फार हलतोय म्हणून चांदीवर 3 टक्के अतिरिक्त मार्जिन. उद्या सकाळपासून. नव्या सौद्यांना आणि उभ्या असलेल्यांनाही.

इथे थांबून बघायला हवं. 10 चे 13 टक्के झाले, म्हणजे कानाला तीनच टक्के वाढ. पण ती मोजली जाते पूर्ण मालाच्या किमतीवर. 62,58,000 चे 13 टक्के, म्हणजे 8,13,540. खात्यात 6,42,000. भाव एक रुपयाही न हलता रातोरात 1,71,540 रुपये कमी पडले.

(दृश्य: रात्रीचा सेंट्रल अव्हेन्यू. गाड्यांचे दिवे.)

एक्स्चेंजची बाजूही आहे. हरणाऱ्याने पैसे दिले नाहीत तरी जिंकणाऱ्याला द्यायची हमी त्याने घेतलेली असते, आणि भाव रोज दीड-दोन टक्के उसळत असेल तर जुनं मार्जिन एका वाईट दिवसाला पुरत नाही. एक्स्चेंजबाहेरच्या बेकायदा सौद्यांना डब्बा म्हणतात, आणि डब्ब्यात अशी हमी नसते.

तरीही मार्जिन वाढण्याची वेळ नेहमी तीच येते, जेव्हा लोकांकडचा रोख पैसा आधीच एमटीएममध्ये गेलेला असतो. 2011 मध्ये अमेरिकेत हे उलट्या बाजूने दिसलं. एप्रिलअखेर चांदी औंसाला 49 डॉलरच्या आसपास होती. शिकागोच्या सीएमईने दोन आठवड्यांत पाच वेळा मार्जिन वाढवलं. मेच्या पहिल्या आठवड्यात भाव 35 डॉलरजवळ आला. पडझडीचं ते एकटंच कारण नव्हतं, पण ज्यांना वाढीव मार्जिन भरता आलं नाही त्यांना विकावं लागलं, आणि त्या विक्रीने भाव आणखी पाडला.

सराफांचा सौदा विक्रीचा होता. त्यांच्यासारख्यांना सौदा कापायचा, म्हणजे मुदतीआधी मिटवायचा, तर खरेदी करावी लागते, आणि ती चढत्या बाजारात आणखी तेल ओतते.

(दृश्य: मोबाईलवर संदेश. शटर अर्धं वर.)

गुरुवारी सकाळी पावणेनऊला ब्रोकरचा संदेश. मार्जिन कमी आहे, भरा, नाहीतर सौदा कापला जाईल.

नऊला बाजार उघडला तो थेट 1,06,000 वर. आणखी 1,02,000 रुपये गेले. खात्याची खरी किंमत 5,40,000, गरज 8,26,800. तूट आता 2,86,800.

बँकेत कॅश क्रेडिटची मर्यादा होती, पण ती कच्च्या चांदीतच संपलेली. उधारी गोळा करायला सांगितलं तर लोक म्हणाले, संध्याकाळी देतो. पूर्वी ब्रोकर ओळखीवर संध्याकाळपर्यंत थांबायचे. सेबीचा पीक मार्जिनचा नियम 1 सप्टेंबर 2021 पासून पूर्ण लागू झाला. आता दिवसात अधूनमधून खाती तपासली जातात आणि तूट दिसली की दंड ब्रोकरला बसतो. थांबण्यात त्याचा फायदा नाही.

नऊ वाजून वीस मिनिटांनी ब्रोकरच्या रिस्क विभागाने एक लॉट 1,06,000 ला विकत घेऊन कापला. उरलेल्या एका लॉटला 4,13,400 लागत होते, ते खात्यात होते. म्हणून दुसरा वाचला.

"फोन केला तर म्हणे, सिस्टमने केलं. सिस्टमशी कोण बोलेल जी?"

पुढच्या आठवड्यात चांदी 98,000 वर आली.

(दृश्य: तराजूत पैंजण. गिऱ्हाइकाचा हात.)

वाचलेल्या लॉटच्या 30 किलोवर दुकानात 60,000 चा तोटा, वायद्यात 60,000 चा नफा. शून्य. कापलेल्या लॉटमध्ये 1,80,000 कायमचे गेले, आणि त्याच्या मागची 30 किलो चांदी उघडी राहिली, तिच्यात आणखी 60,000. एकूण 2,40,000. भाव पडण्याची भीती खरी ठरली, विमाही काढलेला होता, तरी सीझनची बरीचशी घडणावळ गेली.

(दृश्य: पुन्हा वही. पेन्सिलने केलेला नवा हिशेब.)

तो हिशेब सराफांनी नंतर मांडला. 9 ऐवजी 12 लाख असते, तर गुरुवारी सकाळी खात्यात 8,40,000 उरले असते आणि गरज होती 8,26,800. दोन्ही लॉट जेमतेम टिकले असते. म्हणजे 60 लाखांच्या मालाला 10 टक्के मार्जिन दिसत असलं, तरी हाताशी 20 टक्के लागतात. आणि भाव आणखी चढला असता तर तेही पुरले नसते.

दुसरी गोष्ट लॉटची. 30 किलोचा लॉट अर्धा कापता येत नाही. चांदी मिनी 5 किलोची असते, मायक्रो 1 किलोची. परिपत्रक आलं तेव्हा बाजार चालू होता, सप्टेंबरात तो रात्री साडेअकरापर्यंत असतो. त्या रात्रीच्या भावाने एका मिनीला नव्या दराने 67,795 रुपये लागले असते. 6,42,000 मध्ये नऊ मिनी बसतात. त्या रात्री 60 पैकी 45 किलोचा विमा शाबूत राहिला असता, आणि कापायचे ते तीन लॉट त्यांनी स्वतः निवडून 1,04,300 च्या आसपास कापले असते. गुरुवारच्या 1,06,000 ला आणखी एक मिनी कापावी लागली असती, तरी 40 किलोचा विमा उरला असता. मिनीत उलाढाल कमी असते, खरेदी-विक्रीच्या भावात थोडं जास्त अंतर पडतं. ते सोसावं लागतं.

सराफ आता मिनी विकतात. कॅश क्रेडिटमधली काही रक्कम कच्च्या मालाला लावत नाहीत, तेवढी चांदी कमी भरतात. आणि ॲपवरचा मोकळ्या रकमेचा आकडा रात्री साडेआठला एकदा बघतात, कारण तेव्हा बाजार सुरू असतो आणि सौदा स्वतःच्या हाताने कापता येतो.