तीनने भाग जातो का?

फळ्यावर एक वाक्य लिहितो. हसू नका, ते मुद्दाम बाळबोध आहे.

चपळ हरण गवत चरत बसलं.

प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आपली पेशी प्रथिनाचा निरोप असाच वाचते, तीन-तीन अक्षरांनी. फक्त तिला शब्दांमधली मोकळी जागा दिसत नाही. पहिल्या तीनपासून सुरू करायचं आणि मोजत जायचं, एवढंच तिला कळतं. आता यातला एक ‘ह’ पुसतो आणि पुन्हा तीन-तीन वाचतो. चपळ रणग वतच रतब सलं. एक अक्षर गेलं आणि पुढचं सगळं वाक्य बरबाद. आता एकाऐवजी तीन अक्षरं पुसतो, तीही दोन शब्दांच्या सांध्यावरची, ‘पळह’. काय उरलं? चरण गवत चरत बसलं. पहिला शब्द चमत्कारिक झाला, हरीण गेलं, पण गवत चरणं चालू आहे. एक पुसलं तर नासाडी, तीन पुसली तर निभावलं. आज बोलायला आलोय ते एवढ्याचसाठी. बाकी सगळी माझी तक्रार आहे.

तर तक्रार. एक आई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा स्वतः जिना चढून आला, कठड्याला धरून, पण आला. पोटऱ्या फुगलेल्या, मांड्या बारीक. हातात एका लॅबचा जुना रिपोर्ट. नाव सांगत नाही, विचारू नका. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की डिस्ट्रोफिन या स्नायूंमधल्या प्रथिनाच्या जनुकात एक्सॉन 48 ते 52 गायब आहेत, डिलिशन मोठं आहे, म्हणून स्नायू झिजवणारा हा आजार गंभीर प्रकारचा, ड्युशेन. त्या बाईंना कोणीतरी सांगून ठेवलं होतं की बाराव्या वर्षापर्यंत चालणं थांबेल. बारावं वर्ष सरलं, मुलगा चालतोय. त्यांनी मला विचारलं, “सर, रिपोर्ट चुकला की आमचं नशीब?”

मी म्हटलं, आधी बेरीज करू.

डिस्ट्रोफिनचं जनुक बावीस लाखांच्या आसपास अक्षरांचं अवाढव्य प्रकरण आहे. पण प्रथिनाचा निरोप त्यातल्या 79 तुकड्यांत असतो. हे तुकडे म्हणजे एक्सॉन. पेशी मधला मजकूर कापून टाकते आणि तुकडे एकापुढे एक शिवते. एखादा तुकडा मुळातच नसेल, तर त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा जोडून टाकते. ती कुरकुर करत नाही. आता या तुकड्यांची लांबी बघा: 48 वा 186 अक्षरांचा, 49 वा 102, 50 वा 109, 51 वा 233, 52 वा 118. एकूण 748. शाळेतली युक्ती आठवा, आकड्यांची बेरीज करा. सात, चार, आठ, एकोणीस. तीनने भाग जात नाही, एक अक्षर जास्तीचं गेलं. म्हणजे ‘रणग वतच’. रिपोर्ट खरा असेल, तर ड्युशेनच.

पण हा रिपोर्ट जुन्या पीसीआर पद्धतीचा होता. त्या पद्धतीत 79 एक्सॉन तपासतच नाहीत, वीसेक निवडक तपासतात. या यादीत 52 होता आणि त्यानंतर थेट 60. मधले सात कोणी पाहिलेच नव्हते. 52 नाही, 60 आहे, म्हणून भोक 52 लाच संपलं, असं लिहून मोकळे! ही माझी तक्रार आहे, आणि मी ती पुन्हा पुन्हा करणार आहे. भोक पडलंय हे सांगितलंत, पण त्याची कड कुठे आहे ते पाहिलं नाहीत. या आजारात सगळा निकाल त्या कडेवर असतो.

एमएलपीए नावाची तपासणी करून घेतली. त्यात सगळेच्या सगळे 79 तपासले जातात. 53 वाही नव्हता. तो 212 अक्षरांचा. 748 मध्ये 212 मिळवा. 960. नऊ, सहा, शून्य, पंधरा. भाग गेला. आधी सांगितलं होतं त्याहून जास्त गेलंय, म्हणूनच आजार सौम्य प्रकारचा, बेकर.

त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो. “जास्त गेलं, ते बरं झालं?” असं त्या दोनदा म्हणाल्या. मोठं भोक म्हणजे मोठा आजार, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं. शास्त्रज्ञांच्याही बसलं होतं. 1988 मध्ये मोनॅको, कुंकेल आणि मंडळींनी ही वाचनचौकटीची, म्हणजे तीन-तीनची मोजणी टिकते की सरकते ते पाहण्याची, कल्पना मांडली, तोवर रुग्णांमधल्या डिलिशनचं माप आणि आजाराची तीव्रता यांचा मेळ बसत नव्हता. मग 1990 मध्ये एका रुग्णाची नोंद आली. 17 ते 48 एक्सॉन गायब, प्रथिनाचा 46 टक्के निरोप गेलेला, आणि गृहस्थ एकसष्टाव्या वर्षी चालत होते!

हे कसं चालतं? किती वाजले? दहा मिनिटं? बरं, भरभर घेतो.

डिस्ट्रोफिन हा दोरखंड समजा. एक टोक पेशीच्या आतल्या ॲक्टिन नावाच्या प्रथिनाला बांधलेलं, दुसरं टोक पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांना. स्नायू आखडतो तेव्हा आवरण फाटू नये म्हणून हा ताण घेतो. मधला भाग एकसारख्या चोवीस गाठींचा. त्यातल्या काही गेल्या तरी दोन्ही टोकं शाबूत असतील, तर आखूड दोर बऱ्यापैकी काम करतो. चौकट सरकली की मात्र पुढचं वाचन बरळ होतं आणि त्या बरळण्यात लवकरच ‘थांब’ची खूण येते. चौसष्टांपैकी तीन त्रिकुटं थांबायची असल्यामुळे ती फार दूर नसते. मग दुसरं टोक तयारच होत नाही. अर्धवट दोर पेशी मोडीत काढते.

म्हणूनच नियम सरसकट लावू नका. भाग जाणारं डिलिशन टोकाची गाठच खाऊन गेलं, तर आजार गंभीरच होतो. उलट 3 ते 7 गेले तर 556, भाग जात नाही, तरी काही मुलं बेकरसारखी निघतात. बहुधा पेशी पुढच्या, आठव्या एक्सॉनमधून वाचायला नव्याने सुरुवात करते. 1989 च्या मोठ्या तपासणीत नियम 92 टक्के रुग्णांत बरोबर ठरला. उरलेल्यांसाठी स्नायूचा तुकडा काढून प्रथिन आहे की नाही ते प्रत्यक्ष पाहावं लागतं.

उपचारांवर बोलेन असं पत्रिकेत छापलंय, ते तीन वाक्यांत उरकतो. खरोखरच 48 ते 52 गेलेला मुलगा असेल, तर शिवणाऱ्या यंत्रणेला 53 वा गाळायला लावायचा. म्हणजे त्याचा निरोप आपल्या जिना चढणाऱ्या मुलासारखा होतो. 2019 चं गोलोडिरसेन आणि 2020 चं व्हिल्टोलारसेन ही औषधं नेमकं हेच करतात. पण गोलोडिरसेनच्या चाचणीत प्रथिन सरासरी नॉर्मलच्या एक टक्क्याच्या आसपासच आलं, आणि अशी औषधं हृदयाच्या स्नायूत नीट शिरत नाहीत. हृदयाचं ओझं तर बेकरलाही असतं, म्हणून त्या मुलाचा इको मी दरवर्षी करायला लावला आहे.

चिठ्ठी आली. ठीक आहे, थांबतो. फळ्यावर दोन बेरजा ठेवून जातो. 45 ते 54 गेले तर 1589 अक्षरं. 45 ते 55 गेले तर 1779. कागद घ्या आणि भाग देऊन बघा.