जिभेखालच्या गोळीआधी विचारायचा प्रश्न

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले पुरुष शिश्नताठरतेच्या औषधाविषयी विचारतात, तेव्हा त्यांच्या मनातली भीती बहुधा अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टनची असते. वास्तविक अ‍ॅम्लोडिपिनबरोबर सिल्डेनाफिल हे ताठरतेचे औषध १०० मिलिग्रॅम घेतल्यावर वरचा रक्तदाब सरासरी ८ अंकांनी अधिक उतरतो, आणि ज्याचा दाब नियंत्रणात आहे त्याला तो बहुधा जाणवतही नाही. खरा धोका नायट्रेटचा आहे, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीनचा फवारा आणि रोज घेतली जाणारी आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट. छातीदुखीवरचे निकोरँडिलही याच पंक्तीत बसते.

नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत सीजीएमपी नावाचे द्रव्य वाढते आणि त्या सैलावतात. हे द्रव्य मोडून टाकणारे एक विकर असते, आणि सिल्डेनाफिल व टाडालाफिल ही ताठरतेची औषधे नेमके त्यालाच रोखतात. म्हणजे एका औषधाने नळ सोडला आणि दुसऱ्याने मोरी बुजवली. दाब मग थोडाथोडका नव्हे, कोसळतो.

समजा, ५८ वर्षांच्या गृहस्थांनी शनिवारी रात्री टाडालाफिल २० मिलिग्रॅम घेतले आणि रविवारी संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखू लागले. शेजाऱ्याने सद्‍भावनेने, काही न विचारता, सॉर्बिट्रेट जिभेखाली दिली. काही मिनिटांत त्यांना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि १३० असलेला वरचा दाब ७० वर आला. हृदयविकारातच दाब असा पडला, तर हृदयाच्या स्नायूला मिळणारे रक्त आणखी घटते. गोळी घेऊन जवळजवळ एक दिवस उलटला होता, तरी टाडालाफिल निम्मे उतरायलाच साधारण साडेसतरा तास लागतात. म्हणून टाडालाफिलनंतर किमान ४८ तास आणि सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास नायट्रेट देत नाहीत, आणि त्यानंतरही ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. अशा रुग्णाला उताणे निजवून पाय उंच ठेवावेत, दुसरी सॉर्बिट्रेट देऊ नये, १०८ ला फोन करावा, आणि कोणती गोळी किती वाजता घेतली हे डॉक्टरांना न संकोचता सांगावे. पत्नीसमोर किंवा मुलासमोर हे सांगवत नसेल, तर डॉक्टरांना एकांत मागावा. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलचाही उल्लेख करावा, कारण काहींत सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेले आढळले आहे.

दुसरी जपण्याची जोडी अल्फा-ब्लॉकरची, म्हणजे रक्तवाहिन्यांचे व प्रोस्टेटचे स्नायू सैलावणाऱ्या औषधांची. रक्तदाबासाठी प्राझोसिन किंवा प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्याला ताठरतेचे औषध सरसकट वर्ज्य नाही. मात्र आधी अल्फा-ब्लॉकरचा डोस स्थिरावलेला असावा आणि मग सिल्डेनाफिल २५ मिलिग्रॅमपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावे. इथे दाब विशेषतः उभे राहताना पडतो, आणि रात्री लघवीसाठी झटकन उठलेला माणूस न्हाणीघराच्या दारात कोसळतो.