दोन वाटा, मधे एक नळी: आययूआय आणि आयव्हीएफ

[दृश्य: उजळलेल्या पडद्यावर एचएसजीची एक्स-रे फिल्म]

मधोमध दिसतोय तो पांढरा त्रिकोण म्हणजे गर्भाशयाची पोकळी. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन बारीक रेषा निघाल्या आहेत, त्या बीजनलिका. दवाखान्यात सगळे त्यांना ट्यूबच म्हणतात. पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान गर्भाशयाच्या मुखातून एक द्रव आत सोडतात. एक्स-रेमध्ये तो पांढरा दिसतो. ही तपासणी म्हणजे एचएसजी. या फिल्ममध्ये उजव्या नळीतून तो बाहेर पडला आहे. डाव्या नळीत मात्र टोकाशीच अडला आहे.

मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत दोन नावं कानावर पडतात, आययूआय आणि आयव्हीएफ. आययूआय स्वस्त आणि आयव्हीएफ महाग, म्हणून आधी हे करून बघू आणि मग ते, असा हिशेब बहुतेक घरांत मांडला जातो. पण कुठला उपचार कोणाला लागू पडेल, ते बऱ्याच वेळा ही एक्स-रे फिल्म ठरवते.

स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची भेट गर्भाशयात होत नाही, ती बीजनलिकेच्या बाहेरच्या भागात होते. तिथे तयार झालेला गर्भ साधारण पाच दिवसांत नळीतून सरकत गर्भाशयात येतो. आययूआयमध्ये डॉक्टर शुक्राणू फक्त गर्भाशयापर्यंत नेऊन सोडतात. पुढचं सगळं काम नळीलाच करावं लागतं. आयव्हीएफमध्ये नळीचं हे काम प्रयोगशाळेत होतं.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

आयव्हीएफचा शोधच मुळात बंद नळ्यांसाठी लागला. इंग्लंडमधल्या लेस्ली ब्राऊन यांच्या बीजनलिका बंद होत्या. डॉ. पॅट्रिक स्टेप्टो आणि रॉबर्ट एडवर्ड्स यांनी त्यांचं स्त्रीबीज बाहेर काढून ते काचेच्या बशीत फलित केलं आणि 25 जुलै 1978 रोजी लुईझ ब्राऊनचा जन्म झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. त्यांच्या कामाला मान्यता मिळाली ती मात्र त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या उपचारांतून हर्षा जन्मली, आणि ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला.

[दृश्य: वीर्यतपासणीची प्रयोगशाळा]

आधी आययूआय पाहू. त्यासाठी सातारा जिल्ह्यातलं एक प्रातिनिधिक जोडपं डोळ्यांसमोर धरू. ती 28 वर्षांची, तो 31 चा. तिला पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार आहे, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, म्हणजे स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. अशा वेळी पहिला उपाय लेट्रोझोलच्या गोळ्यांचा असतो, आणि कित्येक जोडप्यांना तेवढाच पुरतो. यांनी तो काही महिने केला. बीज सुटू लागलं, पण दिवस राहिले नाहीत. एचएसजीत दोन्ही नळ्या मोकळ्या आल्या.

त्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट असा आहे: दोन मिलिलिटर वीर्य, दर मिलिलिटरमध्ये दोन कोटी शुक्राणू, त्यांतले 40 टक्के हलणारे. म्हणजे एकूण चार कोटी आणि हालचाल करणारे एक कोटी 60 लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मापदंडांत हालचालीची खालची मर्यादा 42 टक्के आहे, त्याच्या हा आकडा किंचित खाली येतो. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नये. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा जोराचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो.

या जोडप्याला आययूआय शोभतं. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या, मग एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी. तिला फॉलिक्युलर स्टडी म्हणतात. बीज ज्या पिशवीत वाढतं ती 18 ते 20 मिलिमीटरची झाली की बीज सुटावं म्हणून एचसीजीचं इंजेक्शन देतात आणि साधारण 36 तासांनी आययूआय करतात. दोनपेक्षा जास्त पिशव्या मोठ्या झालेल्या दिसल्या, तर चांगला डॉक्टर ते चक्र रद्द करतो. जुळी-तिळी राहण्याचा धोका आईलाही असतो आणि बाळांनाही, त्यामुळे रद्द झालेलं चक्र फुकट गेलं असं मानू नये.

त्या दिवशी सकाळी तो नमुना देतो. वीर्य पातळ व्हायला अर्धा तास लागतो. मग परीक्षानळीत घट्ट द्रावणाच्या थरांवर ते हलकेच ओततात आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. मेलेले शुक्राणू, पेशी आणि इतर कचरा वर अडकतो, चपळ शुक्राणू तळाशी बसतात. तो तळ धुऊन जेमतेम अर्धा मिलिलिटर द्रवात घेतात. हे धुणं टाळता येत नाही. न धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडलं तर त्यातल्या रसायनांमुळे पोटात जबर कळा येतात आणि संसर्गाचाही धोका असतो. आपल्या उदाहरणात धुतल्यानंतर 80 लाख चपळ शुक्राणू हाती आले. हे पुरेसे आहेत. हा आकडा दहा लाखांच्याही खाली गेला, तर आययूआयमधून फारशी आशा उरत नाही.

नंतर एक मऊ, बारीक नळी गर्भाशयाच्या मुखातून आत जाते आणि मिनिटभरात काम होतं. भूल लागत नाही. चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी.

सगळं जुळून आलं तरी दर शंभर चक्रांमागे साधारण दहा ते पंधरा जणींनाच दिवस राहतात. हा आकडा कमी वाटतो, पण धडधाकट, तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता काही फार मोठी नसते. म्हणून तीन-चार चक्रं करून पाहणं रास्त आहे. त्यापुढे त्याच वाटेवर पैसे आणि महिने घालवण्यात हशील नाही.

संबंधांतच अडचण असेल, जसं तिला वेदनांमुळे संबंध शक्य होत नसतील किंवा त्याला ताठरतेची तक्रार असेल, तरीही आययूआय उपयोगी पडतं. कोकणातले आणि गोव्यातले कितीतरी पुरुष जहाजावर असतात. त्यांच्यासाठी नमुना आधीच गोठवून ठेवता येतो.

[दृश्य: पुन्हा सुरुवातीची फिल्म, डाव्या नळीचं फुगलेलं टोक]

आता ही फिल्म ज्यांची आहे, असं दुसरं जोडपं धरू. ती 36 वर्षांची. डावी नळी टोकाशी बंद होऊन पाण्यानं फुगली आहे. उजवीतून द्रव बाहेर आला, पण उशिरा आणि तिथेच साचून राहिला. लहानपणी गाठीचा क्षयरोग झाल्याचं ती सांगते. आपल्याकडे क्षयरोग हे नळ्या खराब होण्याचं मोठं कारण आहे, आणि तो खोकल्याशिवाय, तापाशिवाय गुपचूप नळ्यांपर्यंत पोहोचू शकतो.

एक नळी मोकळी आहे ना, मग आययूआय का नको, असं इथे कोणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे. दुसरी नळी खरोखर निरोगी असती आणि वय 28 असतं, तर करूनही पाहिलं असतं. पण क्षयरोगानं आतलं नाजूक अस्तर खराब झालेलं असलं, तर नळीतून द्रव जातो आणि गर्भ मात्र नळीतच अडकू शकतो. नळीत वाढणारी गर्भधारणा जिवावर बेतू शकते. उलट, एचएसजीत नळी गर्भाशयाच्या अगदी जवळ बंद दिसत असेल, तर घाबरून लगेच आयव्हीएफकडे धावू नये. तपासणीच्या वेदनेनं तिथला स्नायू आवळला गेला तरी नळी बंद दिसते. तिथे दुर्बिणीतून, म्हणजे लॅप्रोस्कोपीनं, खात्री करून घ्यावी.

या दुसऱ्या जोडप्यासाठी आयव्हीएफ हाच मार्ग, पण तोही लगेच नाही. फुगलेल्या नळीतलं पाणी झिरपून गर्भाशयात उतरतं आणि गर्भ रुजू देत नाही. म्हणून आधी दुर्बिणीतून ती नळी काढतात किंवा मुळाशी बांधतात. गर्भाशयाचं अस्तरही तपासावं लागतं. क्षयरोगानं तेही निकामी केलं असेल, तर आयव्हीएफनंही काम होत नाही, आणि हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची बशी, गोल, पारदर्शक स्त्रीबीज]

आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं असतात, म्हणजे एकाऐवजी अनेक बीजं वाढतात. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण 35-36 तासांनी, थोडी भूल देऊन, योनीमार्गातून सोनोग्राफीच्या आधारानं सुई घालून बीजं शोषून घेतात. गरम ठेवलेल्या परीक्षानळ्या शेजारच्या प्रयोगशाळेत जातात, आणि तिथे बीज शोधलं जातं. आकार मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. शुक्राणू चांगले असतील तर बीजाभोवती सोडून देतात. फारच कमी असतील, तर एकच शुक्राणू उचलून सुईनं बीजाच्या आत घालतात. ती इक्सी पद्धत, 1992 पासूनची. वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या काही पुरुषांच्या वृषणातून शुक्राणू काढूनही हे करता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलित बीजात दोन लहान वर्तुळं दिसतात, एक आईकडचं आणि एक वडिलांकडचं. पुढे गळती सुरू होते, आणि ही गळती जोडप्यांना आधीच नीट समजावून सांगितली गेली पाहिजे. समजा दहा बीजं निघाली. त्यांतली आठ पक्व, सहा फलित, आणि पाचव्या दिवसापर्यंत टिकलेले गर्भ दोन किंवा तीन. चांगल्या केंद्रातही असंच होतं. एक गर्भ गर्भाशयात सोडतात, उरलेले गोठवतात.

पस्तिशीच्या आत गर्भ सोडल्यावर दिवस राहण्याचं प्रमाण ढोबळमानानं शंभरात तीस-चाळीस असतं. स्वतःचं बीज वापरताना चाळिशीनंतर ते दहाच्या आसपास येतं आणि पुढे आणखी घसरतं, कारण बीजाचं वय आयव्हीएफनं बदलत नाही. म्हणूनच 38-39 व्या वर्षी नळ्या मोकळ्या असल्या तरी सहा-सहा महिने आययूआयवर घालवणं परवडत नाही. धोकाही इथे जास्त. पीसीओएस असलेल्या स्त्रीची बीजाशयं इंजेक्शनांना अतिरेकी प्रतिसाद देऊन सुजू शकतात, पोटात पाणी होऊ शकतं. पोट झपाट्यानं फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सगळे रिपोर्ट चांगले असूनही मूल होत नाही, अशा जोडप्यांबाबत तज्ज्ञांतही एकमत नाही. ब्रिटनच्या 2013 च्या सूचना अशांना सरसकट आययूआय देऊ नका म्हणतात, तर युरोपीय तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2023 च्या सूचना गोळ्यांसह आययूआयपासूनच सुरुवात करायला सांगतात. आमच्या मते तिचं वय पस्तिशीच्या आत असेल, तर आययूआयपासून सुरुवात करणंच योग्य.

[दृश्य: केंद्राच्या भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र]

भारतात 2021 च्या कायद्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे आणि प्रमाणपत्रावर केंद्राचा स्तर लिहिलेला असतो. पहिल्या स्तराच्या केंद्रात आययूआय होतं, आयव्हीएफ करता येत नाही. तीन-चार चक्रं फुकट गेल्यावर पुन्हा आययूआयच सुचवलं गेलं, तर आधी भिंतीवरचा तो कागद वाचावा, आणि एचएसजीची फिल्म घेऊन दुसऱ्या स्तराच्या केंद्रात दुसरं मत घ्यावं.