लिफ्टचं काम कुणाला द्यायचं? तीन कोटेशन आणि शंभर मार्कांचा तक्ता

(दृश्य: सात मजली जुनी बिल्डिंग, लिफ्टच्या दारावर "बंद आहे" असा हाताने लिहिलेला कागद)

पुण्यामुंबईत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये आता एकच विषय सुरू असतो, लिफ्ट बदलायची. उदाहरण म्हणून आपण अशीच एक सोसायटी घेऊ, सात मजले, दोन लिफ्ट, तीन कोटेशन. कमिटीच्या मीटिंगला तिन्ही कागद टेबलावर येतात आणि मग जे होतं ते सगळ्यांना माहितीये, एकजण म्हणतो सगळ्यात स्वस्त घ्या, दुसरा म्हणतो नावाजलेली कंपनी घ्या, तिसऱ्याच्या मेव्हण्याने कुणाकडून तरी बसवून घेतलेली असते, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा व्हेंडर ठरतो. वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण सहा महिन्यांनी लिफ्ट अडकली की हाच व्हेंडर का घेतला याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

यावर उपाय म्हणजे गुणांचा तक्ता. कशाला किती वजन ते आधी ठरवायचं, प्रत्येक व्हेंडरला मार्क द्यायचे, गुणाकार करून बेरीज मारायची. पण हा तक्ता चुकीचा भरला तरी तितकाच नीटनेटका दिसतो, त्यामुळे तो कुठे फसवतो ते बघणं जास्त महत्त्वाचं आहे.

(दृश्य: कोटेशनचा कागद, बोट एएमसीच्या ओळीवर थांबतं)

आधी किंमत, कारण पहिला घोळ तिथेच होतो. व्हेंडर अ म्हणजे मोठी कंपनी, दोन लिफ्टचे 22 लाख. व्हेंडर ब म्हणजे मध्यम, शहरातलाच, त्याचे 27 लाख. सरळ बघितलं तर अ पाच लाखांनी स्वस्त. आता खालची ओळ वाचा. अ ची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, दोन्ही लिफ्टची मिळून वर्षाला 2 लाख, ब ची 1 लाख. पहिलं वर्ष वॉरंटीचं, म्हणजे दहा वर्षांत नऊ वेळा एएमसी भरायची. अ चे झाले 40 लाख आणि ब चे 36. तक्त्यात जायला हवा तो हा आकडा, आणि एएमसी दरवर्षी किती टक्के वाढणार ते तिघांकडून लिहून घेतल्याशिवाय हा आकडासुद्धा कच्चाच. शिवाय एएमसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे की नाही ते बघा, म्हणजे दोर, कंट्रोलरचं कार्ड, दाराची मोटर हे सगळं त्यात येतं की वेगळं बिल लागणार, कारण एकाची पार्टसकट आणि दुसऱ्याची बिनपार्टची एएमसी शेजारी ठेवली तर त्या तुलनेला काही अर्थ नाही.

कमिटीने वजनं अशी ठरवली. दहा वर्षांचा खर्च 40, बिघाड झाल्यावरची सर्व्हिस 25, अनुभव 20, आणि सुटे भाग बाजारात मिळतात की फक्त त्याच कंपनीकडे, याला 15. झाले शंभर. लायसन्सला मार्कच नाहीत आणि ते बरोबर आहे, कारण राज्याच्या 2017 च्या लिफ्टच्या कायद्याखाली कॉन्ट्रॅक्टर अधिकृत लागतो, तो असेल तर आत नाहीतर बाहेर, तिथे पाचपैकी तीन मार्क असं काही नसतं. अशा अटी तक्त्याच्या आधी वेगळ्या काढायच्या, नाहीतर लायसन्स नसलेला माणूस स्वस्त भावाच्या जोरावर पुढे येतो.

आणि हे सगळं भावाचं पाकीट फोडायच्या आधी ठरलं पाहिजे, मिनिट्समध्ये लिहून, सह्या करून, आणि तिन्ही व्हेंडरना तेच कागद पाठवून. भाव बघून वजनं ठरवली की माणूस नकळत आपल्या आवडीच्या व्हेंडरकडे झुकतो, आणि त्याला ते स्वतःलाही कळत नाही.

(दृश्य: दुसऱ्या सोसायटीचा वॉचमन, हातात लिफ्टच्या तक्रारींचं रजिस्टर)

आता मार्क. पाचपैकी चार म्हणजे काय, हे लिहिलेलं नसेल तर प्रत्येकाचे चार वेगळे. सर्व्हिससाठी आपल्या कमिटीने असं लिहिलं: माणूस अडकला असताना टेक्निशियन तासाभरात पोचतो आणि साधा बिघाड चार तासांत निघतो, हे त्या व्हेंडरच्या चालू गिऱ्हाइकांच्या रजिस्टरवरून दिसलं तर 5. त्याच दिवशी काम होतं पण वेळेची खात्री नाही, तर 3. दुसऱ्या दिवसावर जातं, तर 1. मधलं वाटलं तर 4 किंवा 2. आणि पुरावा म्हणजे रजिस्टर, ब्रोशर नाही. व्हेंडरने दिलेल्या यादीतल्या सोसायट्यांना फोन कराच, पण यादीत नसलेली एक तरी सोसायटी स्वतः शोधून काढा, कारण यादीत नाराज गिऱ्हाईक कोण कशाला देईल.

मार्क प्रत्येकाने घरी बसून, एकट्याने, एकमेकांशी न बोलता भरायचे. ब च्या सर्व्हिसला एका सभासदाने 5 दिले, दुसऱ्याने 2. इथे झटपट सरासरी काढून साडेतीन लिहायचा मोह होतो, तो टाळा. विचारल्यावर कळलं की पहिल्याने व्हेंडरच्या ऑफिसजवळच्या सोसायटीला फोन केला होता, दुसऱ्याने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या. आपली बिल्डिंग ऑफिसपासून तशी जवळ पण अगदी शेजारी नाही, मग आणखी एक सोसायटी पाहिली, रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांनी मिळून 4 धरले. दोन किंवा जास्त मार्कांचा फरक दिसला की कुणाला तरी काहीतरी जास्त माहिती असते, ती बाहेर काढायची. आणि ज्याचा एखाद्या व्हेंडरशी नातं किंवा धंद्याचा संबंध आहे त्याने तसं सांगून त्या मार्कांतून बाजूला व्हायचं, मिनिट्समध्ये तसं लिहायचं.

(दृश्य: पांढऱ्या फळ्यावर तीन रकाने)

अ ला सर्व्हिस 5, अनुभव 5, पण सुट्या भागांना 1, कारण कंट्रोलर त्यांचाच आणि कार्ड बाहेर कुठे मिळत नाही. प्रत्येक मार्काला वजनाने गुणून पाचाने भागलं आणि बेरीज मारली तर साठपैकी 48. ब ला 4, 4 आणि 3, म्हणजे 45. तिसरा, व्हेंडर क, अगदी नवा, 1, 1 आणि 2, म्हणजे फक्त 15.

आता खर्चाचे 40 मार्क, आणि या सगळ्यातली सगळ्यात कमी लोकांना माहिती असलेली गोष्ट इथेच आहे. नेहमीची पद्धत अशी की ज्याचा खर्च सगळ्यात कमी त्याला पूर्ण मार्क, बाकीच्यांना त्या प्रमाणात. सरकारी खरेदीत गुणवत्ता आणि खर्च दोन्ही बघून निवड करतात तिथेही आर्थिक मार्क काढायला हीच पद्धत वापरतात, सगळ्यात कमी भाव भागिले तुमचा भाव, गुणिले शंभर.

आधी फक्त अ आणि ब घेऊ. ब चे 36 लाख कमी, त्याला 40 पैकी 40. अ ला 36. बेरीज केली तर ब 85, अ 84. ब जिंकला.

आता क ला आत घ्या. त्याचे दहा वर्षांचे 24 लाख. आता सगळ्यात कमी तो, त्याला 40. ब चे मार्क उतरून 26.7, अ चे 24. बेरीज: अ 72, ब 71.7, क 55. आता अ जिंकला! अ आणि ब च्या कामात, भावात, सर्व्हिसमध्ये काहीच बदललं नाही, फक्त एक हरणारा तिसरा आला आणि निकाल फिरला. कारण साधं आहे, खूप स्वस्त भाव आला की बाकीच्यांमधला खर्चाचा फरक दाबला जातो, 4 मार्कांचा फरक 2.7 वर आला आणि गुणवत्तेतला 3 मार्कांचा फरक त्याला भारी पडला. याचा गैरफायदाही घेता येतो हे उघड आहे, एखादा व्हेंडर आपल्याच ओळखीच्या माणसाला डमी कोटेशन टाकायला लावू शकतो, तेही जिंकण्यासाठी नाही.

यावर दोन गोष्टी करता येतात आणि दोन्ही कराव्यात. पहिली, दोन पाकिटं. एकात कामाची माहिती, दुसऱ्यात भाव. गुणवत्तेत साठपैकी 36 च्या खाली जो गेला त्याचं भावाचं पाकीट उघडायचंच नाही, जसंच्या तसं परत. क इथेच थांबतो आणि हिशोबात येत नाही. केंद्र सरकारच्या या पद्धतीतही तांत्रिक पात्रता मिळवलेल्यांचेच भाव उघडतात.

दुसरी, खर्चाची पट्टी आधीच बांधून ठेवायची. आसपासच्या सोसायट्यांनी अलीकडे केलेल्या कामांचे आकडे बघून कमिटीने ठरवलं की 30 लाख किंवा खाली असेल तर 40 मार्क, 50 लाख किंवा वर असेल तर शून्य, मध्ये प्रत्येक लाखाला 2 मार्क. मग अ ला 20, ब ला 28, दुसरा कोण आला-गेला त्याचा काही संबंध नाही. अ 68, ब 73. पण ही पट्टी म्हणजेही लपलेलं वजनच आहे. 20 ते 60 लाख अशी रुंद घेतली असती तर लाखाला 1 मार्क आणि निकाल अ 68, ब 69, जेमतेम. म्हणून पट्टीसुद्धा पाकीट फोडायच्या आधी, वजनांच्याच कागदावर.

(दृश्य: लॅपटॉपवर एक्सेल, आकडे बदलतायत)

मग शेवटचा तपास, निकाल किती घट्ट आहे. बांधलेली पट्टी तशीच ठेवून खर्चाचे 10 मार्क काढून अनुभवाला दिले तर अ 73 आणि ब 74, अजून ब च. 20 हलवले तर अ 78, ब 75, फिरला. म्हणजे ज्याला अ हवाय त्याने सरळ म्हणावं की मला अनुभव खर्चाच्या दुप्पट महत्त्वाचा वाटतो, आणि जनरल बॉडीत त्यावर बोलणं व्हावं. ही खरी चर्चा आहे, "ती कंपनी चांगली आहे हो" पेक्षा खूप चांगली. पण ती वजनं ठरवतानाच व्हायला हवी, निकाल लागल्यावर आकडे हलवायचे नाहीत, फक्त किती हलवल्यावर निकाल फिरतो ते बघायचं. आणि फरक एका मार्काचा असेल तर तक्ता दोघांना सारखंच म्हणतोय असं धरा, आणि अशा वेळी काय करायचं, समजा दहा वर्षांचा खर्च कमी त्याला काम, ही ओळही आधीच्या कागदात असू द्या.

अ ला पत्र जातं, त्यात त्यांचे स्वतःचे मार्क असतात, सुट्या भागांचा 1 सुद्धा, कारणासकट.

आणि ब बरोबर करार होतो. सर्व्हिसचे 20 मार्क ज्या शब्दावर मिळाले तो शब्द करारात आकड्यांसकट उतरवला पाहिजे, अडकलेल्या माणसासाठी एक तास, साध्या बिघाडाला चार तास, उशीर झाला तर एएमसीच्या हप्त्यातून किती कापायचे, आणि वेळ मोजायची वॉचमनकडच्या रजिस्टरमध्ये लिहिलेल्या फोनच्या वेळेपासून.