अगस्त्य केव्हा दिसेल आणि किती उंचावर?

तारानकाशाच्या एका कडेला तास-मिनिटं लिहिलेली असतात, दुसऱ्या कडेला अंश. तास म्हणजे विषुवांश, ताऱ्याची पूर्व-पश्चिम जागा; अंश म्हणजे क्रांती, त्याची उत्तर-दक्षिण जागा. नवखी मंडळी तिकडे न बघता थेट आकृत्या जुळवायला लागतात. मुंबईच्या उजळलेल्या आभाळात ते जमत नाही, कारण आकृतीतले निम्मे तारे दिसतच नाहीत. म्हणून आज अगस्त्य हा एकच तारा घेऊ आणि आकड्यांवरून शोधू.

त्याची क्रांती उणे ५२ अंश ४२ कला, एका अंशाच्या ६० कला. उणे म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या, पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वृत्ताच्या, दक्षिणेला. मुंबई १९ अंश उत्तरेला असल्यामुळे हे वृत्त आपल्या माथ्यावरून न जाता दक्षिणेकडे १९ अंश झुकलेलं असतं, म्हणजे दक्षिण क्षितिजापासून ७१ अंश वर. त्यातून अगस्त्याचे जवळजवळ ५३ वजा केले की उरतात १८. इथून हा तारा त्याहून वर कधीच चढत नाही. हात लांब करून वीत ताणली तर साधारण २० अंश भरतात. अगस्त्य त्याच्याही खाली. समोर टॉवर असेल तर विषयच संपला! दक्षिणेकडे मोकळी असलेली गच्ची गाठा.

किती वाजता, ते विषुवांश सांगतो. अगस्त्याचा ६ तास २४ मिनिटं, रात्रीच्या आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा असलेल्या व्याधाचा ६ तास ४५ मिनिटं. आकडा जितका मोठा तितका तारा बरोबर दक्षिणेला उशिरा येतो, म्हणजे व्याध अगस्त्यानंतर २१ मिनिटांनी. फेब्रुवारीच्या मध्याला मुंबईत अगस्त्याची वेळ रात्री साधारण ९.२५ ची. रोज चार मिनिटं आधी, म्हणून मार्चच्या मध्याला साडेसातच्या सुमारास.

आधी व्याध पकडा, तो चुकणं शक्य नाही. त्याची क्रांती उणे १६ अंश ४३ कला, म्हणजे अगस्त्य त्याच्या ३६ अंश खाली, दोन वितींना थोडा कमी. विषुवांश पूर्वेकडे वाढतो आणि दक्षिणेला तोंड केलं की पूर्व डाव्या हाताला येते. म्हणून कमी विषुवांशाचा अगस्त्य किंचित उजवीकडे. किती? इथे हमखास गफलत होते. तासाला १५ अंश धरून २१ मिनिटांचे सव्वापाच अंश काढले जातात. पण तो हिशेब विषुववृत्तावरचा. ध्रुवाकडे जाताना तासांच्या रेषा जवळ येत जातात, आणि अगस्त्यापाशी त्याच २१ मिनिटांचे जेमतेम सव्वातीन अंश उरतात.

टॉवरवरच्या दिव्याची शंका आली तर तासभर थांबा. अगस्त्य जवळपास एक मूठ, म्हणजे नऊएक अंश, उजवीकडे सरकलेला असेल आणि उंची मात्र फक्त एखाद्या अंशाने उतरलेली. दिवा होता तिथेच राहील.