फक्त पिवळ्या चौकटी

(दृश्य: स्कॅनरच्या काचेवर जुनं, कडा झिजलेलं पान. प्रकाशाची पट्टी सरकते.)

मुंबई इलाख्यातल्या पावसाचा हा छापील तक्ता. डावीकडे ठाण्यांची नावं, वर बारा महिने आणि शेवटच्या रकान्यात वर्षाची बेरीज. पाऊस मोजलाय इंचांत, तोही इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत. ३० ओळी, १३ रकाने. म्हणजे या एका पानावर ३९० चौकटी.

(दृश्य: पडद्यावर तेच पान. आकड्यांभोवती चौकटी उमटत जातात.)

सॉफ्टवेअर आधी ओळी आणि रकाने ओळखतं, मग प्रत्येक चौकटीतला आकडा वाचतं. हे सगळे आकडे माणसानं पुन्हा चित्राशी ताडायचे, तर वेळ वाचतच नाही. शिवाय बरोबर आकड्यांची रांग बघून बघून नजर सैलावते आणि नेमका चुकलेला आकडा तिच्याखालून निसटतो. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत यंत्राकडून एक गुण घ्यायचा, शून्य ते शंभर: हे वाचन कितपत खात्रीचं आहे? गुण कमी असेल, तर चौकट पिवळी होते. माणूस बघतो ती फक्त पिवळी.

(दृश्य: एक ओळ मोठी होते. जुलैच्या चौकटीवर कॅमेरा थांबतो.)

कोकणातल्या एका ठाण्याची ही ओळ. जुलैचा पाऊस यंत्रानं वाचला ४१.१३. चार अंकांना मिळालेले गुण ९९, ९८, ५८ आणि ९८. सरासरी काढली तर ८८ येते. मर्यादा ८५ ठेवली असती, तर ही चौकट बिनबोभाट पुढे गेली असती. चार अंकांत एक जरी डळमळीत असला तरी अख्खा आकडा डळमळीत. म्हणून चौकटीचा गुण म्हणजे तिच्यातल्या सर्वांत कच्च्या अंकाचा गुण. इथे तो ५८. चौकट पिवळी.

आता हीच ओळ तक्त्यातल्या बेरजेशी लावून पाहू. यंत्रानं वाचलेल्या महिन्यांची बेरीज १०९.०७, छापलेली १०९.६७. फरक बरोबर ०.६०. दशांशानंतरच्या पहिल्या जागी ७ चा १ झाला, की एवढाच फरक पडतो. तसा १ या ओळीत दोन ठिकाणी आहे: जुलैच्या ४१.१३ मध्ये आणि ऑगस्टच्या २४.१० मध्ये. ऑगस्टच्या १ ला ९७ गुण आहेत, जुलैच्या १ ला ५८. संशय कुठे घ्यायचा, हे आता उघड आहे.

(दृश्य: चौकटीचं मोठं केलेलं चित्र. शेजारी रिकामी जागा. बोटं ७ टाइप करतात.)

तरीही यंत्र स्वतःहून आकडा बदलत नाही. ज्या काळी बेरजा हातानं होत, त्या काळी छापलेली बेरीजही चुकलेली असू शकते. चित्रात खरोखर १ असेल, तर १ च लिहायचा आणि बेरीज जुळत नाही अशी खूण करायची. आणि एक पाहा: तपासणाऱ्याला यंत्राचं उत्तर आधी दाखवलेलं नाही. ४१.१३ डोळ्यांसमोर असेल, तर चित्रातही तेच दिसू लागतं.

(दृश्य: रिकाम्या चौकटी. एकीत पुसट आडवी रेघ.)

या चौकटी जास्त फसव्या. काही वाचलंच नाही, म्हणून गुणही नाही. पण रेघ, शून्य आणि कोरी जागा यांचे अर्थ वेगळे असू शकतात. पाऊस पडला नाही, की नोंदच झाली नाही? इथे चौकटीतली शाई मोजतात. शाई आहे आणि वाचन नाही, तर चौकट पिवळी.

(दृश्य: दोन जण, दोन पडदे, तेच पान.)

मर्यादा कुठे आखायची हे अंदाजानं ठरत नाही. यंत्राचे ९५ गुण म्हणजे शंभरात ९५ वाचनं बरोबर, असं गृहीत धरता येत नाही. म्हणून काही शे चौकटी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडतात. दोघं जण त्या एकमेकांचं न बघता टाइप करतात. जिथे जुळत नाही तिथे तिसरा बघतो. मग कुठल्या गुणाच्या वर किती चुका उरतात ते मोजतात आणि जितक्या चुका चालवून घेता येतील, तिथे रेघ मारतात. छपाई बदलली, की हे सगळं पुन्हा.

(दृश्य: एका ओळीतले महिन्यांचे आकडे एका रकान्यानं सरकलेले, बेरीज जागेवरच. एकही चौकट पिवळी नाही.)

आणि ही चूक गुणांना दिसतच नाही. प्रत्येक अंक अचूक वाचलाय, गुण ९९, पण जूनचा पाऊस मेमध्ये जाऊन बसलाय. ओळीची बेरीजही जुळते! पकडतो तो रकाना: आजूबाजूच्या ठाण्यांचा मे जवळजवळ कोरडा आणि इथे मात्र २६ इंच. म्हणून शेजारच्या ओळींशी तुलना होते आणि खात्रीच्या चौकटींतूनही थोड्या चौकटी दर पानाला माणसापुढे येतात.

(दृश्य: तयार झालेली फाइल वरून खाली सरकते.)

फाइलमध्ये आकड्यासोबत गुण, चित्रातली जागा आणि माणसानं पाहिल्याची खूण राहते. पावसाचा अभ्यास करणाऱ्यांना ही मालिका याच रूपात मिळते.